एकाच तालुक्यात दोन सुळगा, मग ॲप चुकीच्या गावाला का सोडतं?

प्रश्न: मावशी पुण्याहून ट्रेननं आल्या, बेळगाव स्टेशनला उतरून मोबाइलवरून गाडी बुक केली. 'sulga' टाइप केलं, पहिलं नाव आलं ते दाबलं. जायचं होतं हिंडलग्याच्या पुढच्या सुळग्याला, गाडी नेली येळ्ळूरकडच्या सुळग्याला. ड्रायव्हर म्हणतो मॅपनं दाखवलं तिकडं आलो, कस्टमर केअर म्हणतं ठिकाण तुम्हीच निवडलं. असं होतं तरी कसं? आणि चूक नक्की कुणाची?

उत्तर:

मी बरीच वर्षं नकाशाच्या डेटावर आणि ठिकाणं शोधायच्या सर्चवर काम करतोय, आणि आपल्या भागातल्या नावांशी माझा रोजचा संबंध येतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर मावशींची चूक नाही, ड्रायव्हरचीही बहुतेक नाही, घोळ झालाय तो त्या यादीत, टाइप करताना खाली जी पाच-सहा नावं येतात ना, तिथंच.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुम्ही यादीतलं नाव दाबलं की त्या क्षणाला नावाचं काम संपतं. ॲप त्या नावामागची एक आयडी उचलतं, आयडीवरून अक्षांश-रेखांश आणतं, आणि तिथून पुढं भाडं, रस्ता, वेळ, ड्रायव्हरच्या मोबाइलवरची निळी रेघ, सगळं त्या दोन आकड्यांवर चालतं. स्क्रीनवर 'सुळगा' हे जे दिसत राहतं ते नुसतं लेबल असतं. म्हणून मावशींच्या मोबाइलवर पण सुळगा, ड्रायव्हरच्या मोबाइलवर पण सुळगा, दोघांनी वाचलं बरोबर, आणि गाडी मात्र दुसऱ्याच दिशेला. कुणाला शंका यायचं कारणच नाही.

आता यादीत काय होतं ते बघू. मावशींच्या मोबाइलकडं सर्व्हरवरून साधारण असं काहीतरी येतं (नमुना म्हणून लिहितोय, प्रत्येक ॲपची मांडणी थोडी वेगळी असते):

```json
{"main": "Sulga", "secondary": "Belagavi, Karnataka", "id": "A"}
{"main": "Sulga", "secondary": "Belagavi, Karnataka", "id": "B"}
```

मोठ्या अक्षरात नाव, खाली बारीक अक्षरात पत्ता. ही खालची ओळ कशी बनते तर गावाच्या वर तालुका, तालुक्याच्या वर जिल्हा, मग राज्य, अशी जी उतरंड डेटात असते त्यातले एक-दोन टप्पे उचलून. नाव एकच पण जिल्हे वेगळे असले तर ही ओळ कामाला येते. खानापूर घ्या, एक आपलं बेळगाव जिल्ह्यातलं, एक सांगली जिल्ह्यातलं, खालची ओळ वाचली की कळतं. पण आपली दोन्ही सुळगा गावं एकाच तालुक्यात, एकाच जिल्ह्यात, एकाच राज्यात. उतरंडीत वर जाईल तेवढं सगळं सारखंच, फरक दाखवायला तिथं काही उरतच नाही. आपण लोक काय करतो, सुळगा हिंडलगा आणि सुळगा येळ्ळूर म्हणतो, पेपरात तर कंसात हिं. आणि ये. लिहितात, म्हणजे फरक शेजारच्या गावावरून सांगतो. डेटाच्या उतरंडीत शेजारचं गाव हा टप्पाच नसतो. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ हेच आहे.

याच्यावर अजून एक प्रकार होतो जो बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. काही ॲप यादी स्वच्छ दिसावी म्हणून डुप्लिकेट काढून टाकतात, म्हणजे नाव आणि खालची ओळ दोन्ही जुळलं की एकच ठेवायचं. हॉटेलची किंवा दुकानाची नोंद दोनदा पडलेली असते तिथं हे चांगलं आहे, पण सुळग्याच्या बाबतीत याचा अर्थ एक अख्खं गावच यादीतून गायब. मावशींच्या यादीत सुळगा एकदाच दिसलं असेल तर हे झालेलं असायची दाट शक्यता आहे, आणि मग 'तुम्हीच निवडलं' हे म्हणणं बरोबर नाही, कारण निवडायला दुसरं समोर ठेवलंच नव्हतं.

आता दोन्ही असताना वर कुठलं येणार हे कशावरून ठरतं? तीन गोष्टी मुख्य. तुम्ही टाइप केलेली अक्षरं नावाशी किती जुळतात, ते ठिकाण तुमच्यापासून किती लांब आहे, आणि लोक ते किती वेळा निवडतात.

अक्षरांपासून सुरू करतो कारण आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त गंमत, म्हणजे त्रासच, इथं आहे. मराठीत आपण सुळगा म्हणतो, कुणी सुळगे म्हणतं, नोंदी कन्नडवरून इंग्रजीत गेलेल्या, कुठं मराठीवरून गेलेल्या, त्यामुळं एकाच गावाचं स्पेलिंग Sulga, Sulaga, Sulge, Sulage असं कसंही सापडतं. समजा एका गावाची नोंद Sulga अशी आहे आणि दुसऱ्याची Sulage. तुम्ही s, u, l टाइप केलं तोवर दोन्ही यादीत आहेत. चौथं अक्षर g टाइप केलं की Sulage मागं पडलं, कारण सुरुवातीची अक्षरं जुळत नाहीत, आणि त्याच जागी a टाइप केलं असतं तर Sulga मागं पडलं असतं. म्हणजे कुठल्या गावाला जाणार हे चौथ्या अक्षरावर ठरलं! ॲप थोड्या चुका माफ करतं हे खरं, एखाद-दुसरं अक्षर इकडंतिकडं चालवून घेतं, पण तंतोतंत जुळणाऱ्या नावाला सहसा वरचा नंबर देतं. मावशींनी sulga असं टाइप केलं, आपण सगळे करतो तसंच, आणि ज्या गावाची नोंद योगायोगानं त्याच स्पेलिंगची होती ते वर आलं. ते गाव त्यांना हवं होतं की नाही याच्याशी याचा काही संबंध नाही. चांगल्या डेटात प्रत्येक गावाला पर्यायी नावं जोडलेली असतात, मराठी, कन्नड, जुनं, नवीन, सगळं, पण लहान गावांच्या बाबतीत हे काम अर्धवट असतं आणि एका गावाला पर्यायी नावं आहेत, दुसऱ्याला नाहीत अशी स्थिती फार दिसते.

दुसरी गोष्ट अंतराची. बऱ्याच जणांचा समज असतो की ॲपला माझं लोकेशन माहीत आहे म्हणजे ते जवळचंच दाखवणार. ॲप जवळच्याला झुकतं माप देतं हे खरं, पण हे झुकतं माप आहे, कुंपण नाही. गूगलच्या ठिकाण-शोध सेवेत यासाठी दोन वेगळे पर्याय आहेत, `locationBias` म्हणजे या वर्तुळातल्यांना प्राधान्य द्या पण बाहेरचं पण चालेल, आणि `locationRestriction` म्हणजे बाहेरचं दाखवूच नका. वर्तुळाची त्रिज्या जास्तीत जास्त ५० किलोमीटर देता येते. आता बेळगाव स्टेशनला मध्यभागी ठेवून ५० किलोमीटरचं वर्तुळ काढा की, त्यात दोन्ही सुळगा येतात, खानापूर येतं, पलीकडं महाराष्ट्रातलं शिनोळी, चंदगड पण येतं. म्हणजे कुंपण घातलं तरी सुळग्याचा प्रश्न सुटत नाही.

आणि प्राधान्य दिलं तरी सुटत नाही, कारण एक सुळगा वेंगुर्ला रोडवर हिंडलग्याच्या पुढं, दुसरं दक्षिणेला येळ्ळूरच्या बाजूला, पण शहरापासून दोन्ही साधारण दहा किलोमीटरच्या आसपासच. एक दोन किलोमीटरवर आणि दुसरं ऐंशी किलोमीटरवर असतं तर अंतरानं निकाल लावला असता. इथं एक-दोन किलोमीटरच्या फरकाला गणितात काही वजनच राहत नाही, आणि पारडं मग स्पेलिंग किंवा लोकप्रियता झुकवते.

याच कारणानं भाड्यावरून पण मावशींना कळलं नसेल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ठिकाण लांबचं चुकलं तर माणूस वाचतो. बेळगावात बसवण कुडचीला जायचंय, नुसतं कुडची टाइप केलं आणि रायबाग तालुक्यातलं मिरज लाइनवरचं कुडची निवडलं गेलं, तर भाडं एवढं भलतंच दिसतं किंवा ॲप सरळ बाहेरगावची ट्रिप आहे म्हणून सांगतं, आणि माणूस तिथंच थांबतो. सुळग्याला भाडं जवळपास सारखं, वेळ जवळपास सारखा, नाव सारखं. जवळची चूक जास्त फसवी असते ती अशी.

लोकेशनबद्दल अजून एक, मावशी नुकत्याच ट्रेनमधून उतरल्या होत्या म्हणून. मोबाइलला जीपीएस लागायला थोडा वेळ जातो, तोवर ॲप शेवटचं माहीत असलेलं लोकेशन वापरू शकतं, आणि ते पुण्याचं असू शकतं. लोकेशन बंदच असेल तर काही ॲप इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाज बांधतात, आणि मोबाइल डेटावर तो अंदाज तुम्ही उभे आहात त्या गावाचा नसतो, कंपनीचं नेटवर्क जिथून इंटरनेटला जोडलंय त्या शहराचा असतो, म्हणजे बेंगळुरू, मुंबई, पुणे असं काहीही. सीमेवर तर शिनोळीच्या बाजूला महाराष्ट्राचा टॉवर पकडला, इकडं आलं की कर्नाटकचा, असं चालूच असतं. सुळग्याच्या बाबतीत यानं फार फरक पडत नाही कारण पुण्याहून बघितलं तरी दोन्ही गावं सारखीच लांब, पण खानापूरच्या बाबतीत पडतो, पुण्याहून बघितलं की सांगलीकडचं खानापूर जवळ दिसतं आणि ते वर येऊन बसतं. पुण्यात बसलेली लेक बेळगावातल्या आईवडिलांसाठी गाडी बुक करते तेव्हा पण असंच, म्हणून दुसऱ्यासाठी बुक करताना आधी पिकअप टाका, तो नकाशावर बरोबर बसलाय का बघा, आणि मग ड्रॉप शोधा. बहुतेक ॲप पिकअपच्या आसपासचं प्राधान्यानं दाखवतात.

तिसरी गोष्ट लोकप्रियता, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी हीच आहे. जे ठिकाण लोक जास्त निवडतात ते वर चढतं, आणि वर आहे म्हणून अजून लोक तेच दाबतात. आता मावशींची ट्रिप बघा, चुकीच्या सुळग्याला गाडी पोचली, ड्रायव्हरनं ट्रिप पूर्ण केली, पैसे दिले गेले. सिस्टिमच्या हिशेबात ही यशस्वी ट्रिप! sulga शोधलं, हे गाव निवडलं, त्याच गावात उतरले, सगळं जुळलं. मावशींना तिथून दुसरी रिक्षा करून परत उलटं यावं लागलं ते कुठंच नोंदलं जात नाही. म्हणजे प्रत्येक चुकलेली ट्रिप पुढच्या चुकीला बळ देते. हे तोडायचं असेल तर कंपनीनं बघायला पाहिजे की उतरल्यावर लगेच त्याच माणसानं त्याच नावाच्या दुसऱ्या ठिकाणी गाडी बुक केली का, किंवा वाटेत ड्रॉप बदलला का. हा डेटा त्यांच्याकडं असतो, वापरायची इच्छा पाहिजे.

एक लहान कारण राहिलंच, स्लो नेटवर्कचं. यादी प्रत्येक अक्षराला नव्यानं येते, नेट मंद असलं की आधीच्या अक्षरांचं उत्तर उशिरा येऊन नव्या यादीवर बसतं, किंवा बोट टेकतानाच ओळी सरकतात आणि खालचं-वरचं दाबलं जातं. टाइप करून झाल्यावर एक-दोन सेकंद थांबून मग दाबा, एवढंच.

आता चूक कुणाची हे कसं ओळखायचं. ॲपमध्ये जुन्या ट्रिपच्या यादीत ती ट्रिप उघडा आणि बुक केलेल्या ड्रॉपचं निशाण नकाशावर कुठं आहे ते मोठं करून बघा. निशाण येळ्ळूरच्या बाजूला असेल तर घोळ वर सांगितला तो, यादीतला, ड्रायव्हरचा काही दोष नाही. निशाण हिंडलग्याच्या बाजूला बरोबर आहे आणि तरी गाडी येळ्ळूरला गेली, तर गडबड ड्रायव्हरच्या बाजूला झाली. यात पण ड्रायव्हरनं मुद्दाम केलं असं नसतं, कधी कधी ड्रायव्हरचं ॲप नेव्हिगेशनला आकडे न देता नाव पाठवतं किंवा ड्रायव्हर स्वतःच दुसऱ्या मॅपमध्ये 'सुळगा' टाइप करतो, आणि मग शोध परत पहिल्यापासून होऊन भलतंच निवडलं जातं. तिसरी शक्यता, निवडलेलं नाव बरोबर होतं पण त्या गावाच्या नोंदीतला बिंदूच चुकीच्या जागी बसलाय. ती ओळखायला मॅपमध्ये ते नाव उघडून आसपास तुमच्या ओळखीचं देऊळ, शाळा दिसतेय का ते बघायचं.

निशाण कुठलंय याचा अंदाज आकड्यावरून पण येतो. गूगल मॅपवर त्याच जागी बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, पहिला अक्षांश. बेळगाव शहर 15.85 च्या आसपास. हिंडलग्याकडचं सुळगा त्याच्या उत्तरेला, म्हणजे पहिला आकडा 15.85 पेक्षा मोठा पाहिजे, येळ्ळूरकडचं दक्षिणेला, म्हणजे लहान. अक्षांशात 0.1 चा फरक म्हणजे जमिनीवर जवळपास 11 किलोमीटर, त्यामुळं दुसऱ्याच गावाचं निशाण असेल तर हे लगेच लक्षात येतं.

पण मावशींना आकडे बघत बसायला सांगणार नाही मी. त्यांच्यासाठी सोपं म्हणजे, बुक करायच्या आधी जो रस्ता दिसतो ती रेघ शहरातून कुठल्या बाजूला बाहेर पडतेय ते बघायचं. कॅम्प, हिंडलगा करत वेंगुर्ला रोडला लागली तर ठीक, वडगाववरून येळ्ळूर रोडला लागली तर परत मागं या. दुसरं म्हणजे गावाचं नाव टाइपच करू नका, गावातल्या ओळखीच्या शाळेचं, देवळाचं, दवाखान्याचं नाव टाका, किंवा घरच्यांनी दारात उभं राहून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं लोकेशन उघडून त्यावरून ड्रॉप टाका. एकदा बरोबर पोचलात की ते ठिकाण ॲपमध्ये सेव्ह करा, 'मावशी सुळगा' अशा आपल्या नावानं. सेव्ह केलेलं ठिकाण थेट आकड्यांसकट राहतं, परत शोधावं लागत नाही. आणि ओटीपी सांगायच्या आधी ड्रायव्हरला एक वाक्य, 'हिंडलग्याच्या पुढचं सुळगा हं, उचगावच्या अलीकडचं.' लोकल ड्रायव्हर असेल तर तो तिथंच सांगेल की काकू, मॅप येळ्ळूरकडं दाखवतोय. बसमध्ये कंडक्टर 'कुठलं सुळगा?' विचारतो ना, ॲपनं तो प्रश्न काढून टाकला, तो आपण परत घालायचा.

गल्ल्यांची गोष्ट वेगळी लिहायला पाहिजे पण थोडं सांगतो. मारुती गल्ली बेळगाव शहरात पण आहे, अनगोळात पण आहे, आणि लक्ष्मी गल्ली, मारुती गल्ली तर आसपासच्या खेड्यांतनं पण सापडते. यादीत खाली नुसतं 'Belagavi, Karnataka' येतं. इथं अंतराचा झुकाव उलटा फसवतो, तुम्ही अनगोळात उभे असाल आणि जायचं शहरातल्या मारुती गल्लीला, तर जवळची म्हणून अनगोळचीच वर येणार. गल्लीच्या आधी उपनगराचं नाव टाइप करायची सवय लावा, 'Angol Maruti Galli', नुसती गल्ली कधीच नको.

नकाशात दुरुस्ती आपण पण करू शकतो आणि करावी. ओपनस्ट्रीटमॅपवर गावाच्या नोंदीला `name:mr`, `name:kn` आणि `alt_name` असे रकाने असतात, तिथं मराठी नाव, कन्नड नाव आणि 'Sulga Hindalga' सारखं बोलीतलं नाव भरता येतं. गूगल मॅपवर पण बदल सुचवायचा पर्याय आहे, फक्त तो तपासून मंजूर होतो. दोन्ही सुळग्यांतल्या एक-एक जरी पोरानं मनावर घेतलं तर संध्याकाळी बसून होणारं काम आहे. प्रत्येक ॲप कुठला डेटा वापरतं त्यावर परिणाम कधी दिसेल ते ठरतं, पण शेजारच्या गावाचं नाव नोंदीत आलं की निदान शोधताना 'sulga hindalga' टाइप केल्यावर बरोबर गाव मिळायची शक्यता वाढते.

पैशांचं म्हणाल तर तक्रार परत टाका, पण 'ड्रायव्हरनं चुकीच्या ठिकाणी सोडलं' असं लिहू नका, त्यांच्या नोंदीत तो बरोबर ठिकाणी पोचलाय, तक्रार तिथंच बंद होते आणि उगाच त्या ड्रायव्हरच्या माथी बसते. असं लिहा की एकाच तालुक्यात या नावाची दोन गावं आहेत, तुमच्या यादीत एकच दिसलं किंवा दोन्हीखाली एकच पत्ता होता, फरक कळायला काही मार्ग नव्हता. सोबत दोन स्क्रीनशॉट जोडा, एक ट्रिपच्या नकाशाचा आणि एक आत्ता परत sulga टाइप करून येणाऱ्या यादीचा. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण तो बघून डेटावाल्या टीमकडं तक्रार पाठवावी लागते, आणि तो आजच काढा, यादी कधीही बदलते.